यंत्रमागाची कंपनी वीज विकू शकते का? ऑब्जेक्ट क्लॉज कसा वाचायचा

प्रश्न: आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी २००९ ची, इचलकरंजीत. आम्ही तिघे भाऊ सारखे भागधारक, तिघेही संचालक. कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात, म्हणजे मेमोरँडममध्ये, जो ऑब्जेक्ट क्लॉज म्हणजे उद्देशांचं कलम आहे त्यात मुख्य उद्देश कापड विणणे आणि विकणे. आता शिरोळकडे जागा घेऊन सोलर प्लँट टाकायचा आणि वीज विकायची असा विचार आहे. शिल्लक पैसे थोडे व्याजानेही फिरवायचे आहेत. बँकेचे वकील म्हणतात की हा धंदा ऑब्जेक्ट क्लॉजमध्ये बसत नाही. आमचे अकाउंटंट म्हणतात, "इतर उद्देशांत वीज आहे, शिवाय शेवटी 'कोणताही फायदेशीर धंदा' अशी ओळ आहे, काही करायला नको." कोण बरोबर? धाकटा भाऊ अजून साशंक आहे, हेही सांगून ठेवतो.

उत्तर:

बँकेचे वकील बरोबर आहेत. अकाउंटंट पूर्ण चुकलेले नाहीत, पण ज्या ओळीवर ते विसंबले आहेत ती वेळेला उभी राहील असं मला वाटत नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करतो आहे आणि तुमच्यासारखी मेमोरँडम शेकड्यांनी वाचली आहेत. २००९ च्या सुमाराची बहुतेक एकाच साच्यातून काढलेली असतात. कलम तीनचे तीन भाग: पहिल्यात मुख्य उद्देश, दुसऱ्यात आनुषंगिक, तिसऱ्यात 'इतर उद्देश'. त्या तिसऱ्या भागात हॉटेल, सिनेमा, द्राक्षबाग, जहाजवाहतूक, वीज, सगळं एका ओळीत सुखाने नांदत असतं. नोंदणीच्या दिवशी ते कुणीच वाचलेलं नसतं.

ही रचना १९५६ च्या कायद्याची. 'इतर उद्देश' म्हणजे आज करायचा नाही, पण उद्या कदाचित करू, असा धंदा. त्यासाठी जागा राखून ठेवता यायची, पण त्यात प्रत्यक्ष उतरायचं तर आधी भागधारकांचा विशेष ठराव लागायचा. म्हणजे तेव्हाही नुसती ओळ पुरत नव्हती. २०१३ च्या कायद्याने हा तिसरा कप्पाच काढून टाकला. आता कलम ४ प्रमाणे मेमोरँडममध्ये दोनच गोष्टी असतात. पहिली, कंपनी कोणत्या उद्देशांसाठी स्थापन होते आहे, हे ३(अ) मध्ये. दुसरी, ते उद्देश पुढे नेण्यासाठी ज्या बाबी आवश्यक आहेत त्या, ३(ब) मध्ये. तुमचं जुनं मेमोरँडम त्यामुळे रद्द झालं नाही. पण नव्या कायद्यात ज्याला घरच उरलं नाही अशा कप्प्यातल्या ओळीवर काही कोटींचं कर्ज द्यायला बँकेचा वकील तयार होणार नाही. मीही त्याला तसा सल्ला देणार नाही.

आता 'कोणताही फायदेशीर धंदा' या ओळीबद्दल. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानंतर गोष्ट उलटी झाली. तिथे कंपनीच्या नियमावलीत मुद्दाम मर्यादा घातली नसेल तर कंपनीचे उद्देश अमर्यादच धरतात. आपल्याकडेही २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात 'कोणताही कायदेशीर व्यवसाय' एवढंच लिहिण्याची मुभा सुचवली होती, पण २०१७ मध्ये कायदा झाला तेव्हा ती तरतूद त्यात राहिली नाही. त्यामुळे आपल्याकडे कंपनीचा धंदा आजही मेमोरँडममध्ये लिहून सांगावा लागतो. सगळं काही झाकणारी ओळ लिहिली तर काहीच सांगितलं नाही असा तिचा अर्थ लागू शकतो, आणि हल्ली कंपनी निबंधकाकडून, म्हणजे आरओसीकडून, तिच्यावर हरकतही येते.

उद्देशांच्या या कलमाला एवढं वजन का, हे १८७५ च्या एका इंग्रजी खटल्यावरून नीट कळतं. अ‍ॅशबरी नावाची कंपनी रेल्वेचे डबे, वॅगन आणि रेल्वेला लागणारी यंत्रसामग्री बनवायची, विकायची, भाड्याने द्यायची. 'मेकॅनिकल इंजिनिअर्स आणि जनरल कॉन्ट्रॅक्टर्स' हे शब्दही उद्देशात होते. संचालकांनी बेल्जियममध्ये एक रेल्वेमार्ग बांधण्याला पैसा पुरवण्याचा करार केला. पुढे कंपनीने तो मोडला. समोरच्याने, रिश त्याचं नाव, दावा लावला. त्याचं म्हणणं असं की जनरल कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की कसलंही कंत्राट आलं, आणि भागधारकांनी तर कराराला मान्यताही दिली होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, दोन्ही मुद्दे फेटाळले. 'जनरल कॉन्ट्रॅक्टर्स' हे शब्द शेजारच्या 'मेकॅनिकल इंजिनिअर्स'च्या सावलीत वाचायचे, म्हणजे त्या धंद्याशी जुळणारी कंत्राटं. रेल्वेमार्ग बांधायला पैसा पुरवणं त्यात येत नाही. आणि जे करायची कंपनीला मुळात क्षमताच नाही त्याला एकूण एक भागधारकांनी मान्यता दिली तरी ते जिवंत होत नाही.

तुमच्यासाठी यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. "आम्ही तिघेच भाऊ आहोत, तिघे हो म्हणालो की झालं" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. घरगुती कंपनीत बाकी सगळ्या बाबतीत ते चालूनही जातं. संचालकांनी अधिकार ओलांडला, पण ते काम कंपनीच्या उद्देशांत बसत असेल, तर भागधारक नंतर मान्यता देऊ शकतात. काम उद्देशांतच बसत नसेल तर मान्यता देणार तरी कोण? कायद्याच्या नजरेत त्या कामापुरती कंपनी अस्तित्वातच नाही. आपल्याकडे हा नियम आजही लागू आहे.

मग उद्देशात शब्दशः न लिहिलेलं काहीच करता येत नाही का? येतं. ३(ब) त्यासाठीच आहे. शिवाय १८८० मध्ये ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या खटल्यात त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने खुलासा केला की मुख्य उद्देशाच्या ओघात जे रास्तपणे येतं ते कंपनीला करता येतं, मग ते लिहिलेलं असो वा नसो. कापड विणणाऱ्या कंपनीने ट्रक घेतला, कामगारांसाठी खोल्या बांधल्या, बँकेत ठेव ठेवली, तर कुणी मेमोरँडम उघडून बघत नाही.

तुमच्या सोलरच्या बाबतीत रेघ इथेच ओढायची आहे. माग-शेडच्या पत्र्यावर पॅनेल टाकलीत, वीज मागांना वापरलीत आणि सुट्टीच्या दिवशी उरलेली महावितरणच्या ग्रिडमध्ये गेली, तर तो कापडाच्या धंद्याचाच भाग. त्यासाठी मेमोरँडमला हात लावायची गरज नाही. शिरोळला वेगळी जागा घेऊन, वेगळं कर्ज काढून, करार करून वीज विकणं ही वेगळी गोष्ट. मी पक्षकारांना एक साधा प्रश्न विचारतो: उद्या माग बंद पडले तर हे काम चालू ठेवाल का? छतावरचा प्लँट मागांसाठी आहे, माग गेले तर त्याचं कारणच गेलं. शिरोळचा प्लँट मात्र मागांशिवायही पैसे मिळवत राहील. म्हणजे तो स्वतंत्र धंदा, आणि स्वतंत्र धंद्याची जागा ३(अ) मध्ये. हा प्रश्न कायद्यात कुठे लिहिलेला नाही, माझा स्वतःचा आहे. पण आजवर त्याने मला फसवलेलं नाही.

व्याजाच्या पैशालाही हीच कसोटी. तुमच्या ३(ब) मध्ये, किंवा जुन्या भाषेत आनुषंगिक उद्देशांत, 'शिल्लक निधी गुंतवणे, कर्जाऊ देणे' अशी ओळ नक्की असेल. ती सगळ्यांच्याच मेमोरँडममध्ये असते. तिचा अर्थ एवढाच की धंद्यातून उरलेला पैसा रिकामा पडू नये म्हणून कुठेतरी ठेवता यावा, किंवा सूत पुरवणाऱ्याला अडीअडचणीला उचल देता यावी. सावकारी करावी असा तिचा अर्थ होत नाही. हत्यारं ठेवायच्या पेटीत दुकान थाटता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे एका भारतीय प्रकरणात फार कडकपणे सांगितलं आहे. १९६३ च्या निवाडा-संग्रहांत छापलेला तो लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध एलआयसी हा खटला. युनायटेड इंडिया लाइफ या विमा कंपनीने १९५४ मध्ये भागधारकांच्या सभेत ठराव करून एका स्मारक न्यासाला दोन लाख रुपये दिले. तांत्रिक आणि व्यापारी ज्ञानाचा प्रसार हे त्या न्यासाचं काम. दोन वर्षांनी विमा धंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि एलआयसीने ते पैसे परत मागितले. न्यासाचं उत्तर असं होतं की मेमोरँडममध्ये धर्मादाय आणि लोकोपयोगी कामांना पैसे देता येतील असं स्वच्छ लिहिलं आहे आणि ठरावही रीतसर झाला आहे. न्यायालयाने दोन्ही बचाव मान्य केले नाहीत. ती ओळ म्हणजे कंपनीचा उद्देश नव्हे, तो मुख्य उद्देश साधण्यासाठी दिलेला अधिकार. विमा धंद्याला या देणगीने काही हातभार लागतो असा संबंध दिसला पाहिजे होता, तो दिसला नाही. पैसे परत करायची जबाबदारी ज्यांच्यावर आली त्यांत देणगी देणारे आणि घेणारे दोन्हीकडे तीच माणसं होती, आणि ती वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरली. १९५४ मधले दोन लाख, आजच्या भाषेत हिशेब तुम्हीच करा.

म्हणून व्याजाच्या पैशाबद्दल माझा सल्ला असा. अधूनमधून, कापडाच्या धंद्याशी संबंध असलेल्या माणसाला, कंपनीने द्यायच्या कर्ज-हमीबद्दलच्या, कंपनी कायद्याच्या कलम १८५ आणि १८६ च्या मर्यादा पाळून रक्कम दिलीत तर ती ३(ब) मध्ये बसेल. पण 'फिरवायचे' हा शब्द मला खटकला. कंपनीची निम्म्याहून अधिक मालमत्ता कर्जं-गुंतवणुकीत गेली आणि निम्म्याहून अधिक उत्पन्नही त्यातूनच येऊ लागलं, की रिझर्व्ह बँक तिला वित्तीय कंपनी समजते, आणि नोंदणीशिवाय तो धंदा करणं गुन्हा आहे. काही जण "मेमोरँडममध्ये फायनान्स टाकून घेऊ या, मग चिंता नाही" म्हणतात. ते आगीत तेल ओतणं आहे. मेमोरँडममध्ये लिहिलं म्हणून रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळत नाही, उलट तो शब्द दिसला की आरओसी आधी परवान्याबद्दलच विचारतो. हा विषय सध्या बाजूला ठेवा आणि सोलरपुरतं बोलू या.

नवा उद्देश लिहिताना सर्वांत जास्त चुका होतात त्या उतरवून घेण्यामुळे. कुणाच्या तरी मेमोरँडममधला परिच्छेद उचलायचा आणि चिकटवायचा. विजेच्या धंद्याचा जो परिच्छेद बाजारात फिरतो त्यात 'निर्मिती, पारेषण, वितरण, व्यापार' अशी चार क्रियापदं हातात हात घालून येतात. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे नुसत्या निर्मितीला परवाना लागत नाही. पारेषण, वितरण आणि वीज-व्यापार या तिन्हींना लागतो. तुम्हाला जे करायचंच नाही ते लिहायचं आणि मग नियामकाची परवानगी कुठे आहे या हरकतीला उत्तर देत बसायचं, हा उद्योग कशाला? तुमच्यासाठी मी साधारण असं लिहीन:

"सौर, पवन व इतर अपारंपरिक स्रोतांपासून वीज निर्माण करण्याचा व ती साठवण्याचा व्यवसाय करणे, असे प्रकल्प उभारणे, खरेदी करणे, भाडेपट्ट्याने घेणे वा देणे, चालवणे व त्यांची देखभाल करणे, आणि अशा प्रकल्पांत निर्माण झालेली वीज वितरण कंपन्यांना तसेच औद्योगिक, व्यापारी व इतर ग्राहकांना त्या वेळी लागू असलेल्या कायद्यानुसार विकणे वा पुरवणे."

मूळ दस्तऐवज इंग्रजीत असेल, पण अर्थ हाच ठेवा. 'साठवणे' मुद्दाम घातलं आहे, कारण दोन वर्षांनी बॅटरी बसवायची झाली तर पुन्हा सभा नको. 'पवन' घातलं कारण तो शेजारचाच धंदा आहे आणि त्याने कुणाला शंका येत नाही. 'भाडेपट्ट्याने देणे' बँकेला आवडतं. 'अशा प्रकल्पांत निर्माण झालेली वीज' हे शब्द तुम्हाला वीज-व्यापाऱ्याच्या रांगेतून बाहेर ठेवतात. शेवटचं 'कायद्यानुसार' हे शोभेचं आहे, कबूल करतो, पण कागद तपासणाऱ्याला ते बघून बरं वाटतं.

उद्देश फार अरुंद लिहिणं हीसुद्धा चूकच. 'शिरोळ तालुक्यात दोन मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारणे' असं लिहिणारे मी पाहिले आहेत. मग कर्नाटकात जागा स्वस्त मिळाली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. जागा, क्षमता, ग्राहकाचं नाव, तंत्रज्ञानाचा ब्रँड या गोष्टी ठरावात किंवा करारात जातात, मेमोरँडममध्ये नाहीत. याचं टोकाचं उदाहरण १८८२ चं. खजुरापासून कॉफीसारखा पदार्थ बनवायच्या एका जर्मन पेटंटवर इंग्लंडमध्ये कंपनी काढली. जर्मनीने ते पेटंट दिलंच नाही. स्वीडनचं पेटंट मिळालं, माल विकलाही जात होता, बहुतेक भागधारकांना चालू ठेवायचं होतं. पण उद्देश त्या जर्मन पेटंटला बांधलेला. दोन भागधारक कोर्टात गेले आणि कंपनी गुंडाळली गेली.

आता सभेकडे वळू, कारण तुमच्या प्रकरणात खरी अडचण तिथे आहे. उद्देश बदलायला कलम १३ प्रमाणे विशेष ठराव लागतो. विशेष ठराव म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने पडली पाहिजेत. तुम्ही तिघे, भाग सारखे. दोन भाऊ बाजूने आणि धाकटा विरोधात असं झालं तर दोनास एक. तिप्पट होत नाही, ठराव पडला. हात वर करून मोजा नाहीतर शेअरप्रमाणे मोजा, उत्तर तेच. म्हणजे तुमच्या कंपनीत प्रत्येक भावाकडे उद्देशबदल अडवायची ताकद आहे, आणि बहुधा हे तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.

पण मोजणी टाकलेल्या मतांची होते. धाकटा सभेला आलाच नाही, किंवा येऊन तटस्थ राहिला, तर बाजूने दोन आणि विरोधात शून्य. ठराव मंजूर. प्रायव्हेट कंपनीत दोन सभासद स्वतः हजर असले की गणपूर्ती होते. त्यामुळे त्याला "हो म्हण" असा आग्रह धरायची गरज नाही, "विरोध करू नकोस" एवढं पुरतं. घरात हा फरक फार मोठा असतो.

मात्र एक गाठ इथे आहे. कंपनीच्या नियमावलीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर सभेची नोटीस पूर्ण २१ दिवसांची लागते. ती कमी करायची तर सभासदांच्या बहुसंख्येची आणि निदान ९५ टक्के मतदान-भांडवलाची संमती हवी. तुमच्याकडे ९५ टक्के म्हणजे तिघेही. धाकट्याने सही केली नाही तर अल्पमुदतीची सभा विसरा. पूर्ण २१ दिवस म्हणजे नोटीस पोचल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. १ तारखेला नोटीस हातात दिलीत तर लवकरात लवकर सभा २३ तारखेला. पोस्टाने पाठवलीत तर टाकल्यापासून ४८ तासांनी ती पोचली असं धरतात, म्हणजे आणखी दोन दिवस. नोटिशीबरोबर स्पष्टीकरण जोडावं लागतं: हा धंदा का, पैसा कुठून, कुणाचा हितसंबंध आहे का. शिरोळची जागा तिघांपैकी कुणाच्या वैयक्तिक नावावर असेल तर ते तिथेच लिहा. लपवलेला हितसंबंध हा पुढच्या भांडणाचा पहिला कागद असतो. दोनशेपर्यंत सभासद असलेल्या कंपनीला हा ठराव टपाली मतदानाने करायची सक्ती नाही, तेव्हा तुम्हाला साधी असाधारण सभा चालेल.

ठराव झाल्यापासून ३० दिवसांत एमजीटी-14 हा फॉर्म आरओसीकडे भरायचा. सोबत नोटीस, स्पष्टीकरण, ठरावाची प्रमाणित प्रत आणि बदललेलं पूर्ण मेमोरँडम. सरकारी फी अधिकृत भांडवलावर ठरते आणि वेळेत भरलं तर ती शेकड्यांतच असते, खर्चाची बाब नाही. याच वेळी तुमचं मेमोरँडम नव्या साच्यात आणा: मुख्य उद्देश आणि सोलर ३(अ) मध्ये, आनुषंगिक ३(ब) मध्ये, आणि 'इतर उद्देश' पूर्ण वगळा. नुसता सोलरचा परिच्छेद जुन्या साच्यात घुसवला तर फॉर्म परत येण्याची शक्यता बरीच. वगळायचा ठरावही त्याच सभेत आणि स्वच्छ शब्दांत करा. आणि कापडाचा उद्देश काढू नका. नावात 'टेक्स्टाइल्स' असेल तर तो शब्द ज्यावर उभा आहे तो उद्देश मेमोरँडममध्ये राहिलाच पाहिजे, नाहीतर नावही बदलावं लागेल.

हा फॉर्म आपोआप मंजूर होत नाही, अधिकारी वाचतो. कायद्याने त्याला नोंदणी करून दाखला द्यायला ३० दिवस दिले आहेत. मधे हरकत निघाली की फॉर्म दुरुस्तीसाठी परत, आणि तेवढे दिवस वाढले. नोटिशीपासून दाखल्यापर्यंत मी पक्षकाराला दोन ते अडीच महिने सांगतो. लवकर झालं तर आनंदच.

आणि ज्या मुद्द्यासाठी मी एवढं लांबण लावलं तो हा: बदल लागू होतो तो नोंदणीच्या दिवसापासून. ठरावाच्या दिवसापासून नाही आणि मागच्या तारखेने तर नाहीच. माझ्याकडे एक प्रकरण असं आलं होतं. शेतमालावर प्रक्रिया करणारी कंपनी, चार चुलतभाऊ. त्यांनी एनए प्लॉट पाडून विकायचा धंदा सुरू केला, जागेच्या मालकाला विसार दिला, आणि मग "ऑब्जेक्ट नंतर बदलून घेऊ" म्हणून माझ्याकडे आले. बदल रीतसर झाला. पण भाव पडले, सौदा अंगाशी आला, आणि ज्या चुलतभावाने सभेत हात वर केला होता त्यानेच पुढे मुद्दा काढला की विसार दिला त्या दिवशी कंपनीला हा धंदा करायचा अधिकार नव्हता, तेव्हा सह्या करणाऱ्या दोन संचालकांनी तो पैसा कंपनीत भरावा. शेवटी घरातच तोडगा निघाला, पण दोघांनी खिशातून बरीच रक्कम घातली. आणि हा मुद्दा काही नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १८६० च्या दशकातच, जहांगीर मोदी विरुद्ध शामजी लढा या खटल्यात, संचालकांनी अधिकाराबाहेरच्या व्यवहारात घातलेला कंपनीचा पैसा परत भरायला लावण्यासाठी भागधारक दावा करू शकतो असं मान्य केलं होतं.

म्हणून क्रम सांभाळा. जागा बघा, अभ्यास अहवाल करून घ्या, बँकेशी बोला, कोटेशन घ्या. यातल्या कशानेही अडचण होत नाही. पण वीज विकण्याचा करार, प्लँट उभारणाऱ्या कंत्राटदाराशी करार आणि कर्जाच्या कागदांवर सह्या आरओसीचा दाखला हातात आल्यावरच. एखाद्या निविदेची मुदत आड येत असेल तर करारात स्पष्ट अट घाला की उद्देशबदलाची नोंदणी झाल्यावरच हा करार अमलात येईल. आधीच काही सही झाली असेल तर दाखल्यानंतर नवा करार करा. जुन्याला 'मान्यता' देणारा ठराव करू नका, अ‍ॅशबरीच्या भागधारकांनी तेच केलं होतं.

एक गैरसमज इथेच काढतो. जीएसटीच्या नोंदणीत वीज किंवा सोलरची ओळ वाढवता येते, उद्यममध्येही नवा व्यवसाय जोडता येतो, आणि दोन्हीकडे कुणी मेमोरँडम मागत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं की सरकारने परवानगी दिली. त्या नोंदणीने कर भरायची सोय झाली, कंपनीला क्षमता मिळाली नाही. मेमोरँडम प्रत्यक्षात वाचतात ते तीनच जण: कर्ज देणारी बँक, मोठा ग्राहक, आणि भांडण झाल्यावर समोरचा वकील. थोडी फी भरली की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ते कुणालाही बघता येतं. त्यामुळे समोरचा "मला माहीत नव्हतं" म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच शहाणा समोरचा आधीच बघतो. तुमच्या बँकेच्या वकिलाने तेच केलं.

धाकटा शेवटपर्यंत विरोधातच राहिला तर वेगळा मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो जास्त आवडतो. सोलरसाठी वेगळी कंपनी किंवा एलएलपी काढा, तुम्ही दोघे भागीदार, उद्देश पहिल्या दिवसापासून वीजनिर्मितीचा. मागाची कंपनी, तिचं कर्ज, तिची यंत्रं यांच्यावर सोलरच्या तोट्याची सावली पडत नाही, आणि भावाला त्याच्या मनाविरुद्ध ओढलं असं होत नाही. वाईट बाजू एवढीच की मागाच्या कंपनीची पत आणि नफा नव्या कंपनीला आपोआप मिळत नाही. बँक हमी मागेल, आणि ती हमी मागाच्या कंपनीने द्यायची म्हटलं की पुन्हा कलम १८५-१८६ आणि पुन्हा धाकटा भाऊ. जुन्या कंपनीचा पैसा वापरायचाच असेल तर तिघांची समजूत आधी, कागद नंतर.

उद्देश बदलून घेतलात तर दोन छोटी कामं विसरू नका. एमजीटी-14 मध्ये धंद्याचा संकेतांक विचारतात. प्रमुख धंदा कापडच राहणार असेल तर तिथे कापडाचाच ठेवा. उगाच विजेचा टाकलात तर त्यावरून तुमच्या २१ अक्षरी सीआयएनमधले, म्हणजे कंपनीच्या नोंदणी क्रमांकातले, पाच अंक बदलू शकतात, आणि मग लेटरहेडपासून बँक खात्यापर्यंत सगळीकडे दुरुस्त्या. दुसरं, कपाटात पडलेल्या जुन्या छापील मेमोरँडमच्या प्रती. बदलाची नोंद प्रत्येक प्रतीवर असली पाहिजे असा नियम आहे, आणि नोंद नसलेली प्रत कुणाला दिली तर प्रतीमागे हजार रुपये दंड. बँकेच्या फाईलमध्ये जी जुनी प्रत तुम्ही दिली आहे तिच्या जागी नवी द्या, दाखल्याची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या.